तारखेचा कोपरा

परंड्यात अंबादास डॉक्टरांचा दवाखाना विचारला, तर माणसं पत्ता सांगत नाहीत, डॉक्टरांची नक्कल करून दाखवतात. डोळे बारीक करायचे, मान डावीकडं कलती करायची आणि म्हणायचं, "जीभ. श्वास. हं. झालं." चार शब्द. डॉक्टर अंबादास कुंभेजकरांनी या चार शब्दांवर अठ्ठावीस वर्षं दवाखाना चालवला. पाचवा शब्द लागलाच तर तो कंपाउंडर सिदूला उद्देशून असायचा, आणि तोही बहुतेक वेळा "सिदू" हाच असायचा.

तालुक्याला याची तक्रार नव्हती. उलट जास्त बोलणारा डॉक्टर माणसाला घाबरवतो, असं इथलं मत. गरीब रुग्ण, सधन रुग्ण, सोनारीच्या यात्रेत पाय सुजलेले भाविक, सगळ्यांना सारखीच चार शब्दांची सेवा. लहान पोरांना मात्र डॉक्टर एक वाक्य जास्तीचं देत. गुलाबी औषधाची बाटली हलवत ते म्हणायचे, "हे बघ, गुलाबी खाऊ. आ कर." पोरगं आ करायचं. गावातला हवालदार, दोन रिक्षावाले, पंचायतीतला कारकून आणि शाळेतली निम्मी मास्तरमंडळी या गुलाबी खाऊवर वाढलेली. अजूनही त्यातला एखादा मिशीवाला तापानं फणफणून आला, की सिदू आतून हाक मारायचा, "साहेब, खाऊ देऊ का?"

असा हा माणूस शनिवारी दुपारी दोन वाजता शाळेच्या सभागृहात तासभर बोलणार होता. विषय होता, 'मुलांशी नशेबद्दल कसं बोलावं'.

हे संकट घरातूनच आलं होतं. डॉक्टरांच्या पत्नी चारुशीलाबाई त्याच शाळेत शिकवायच्या. महिन्यापूर्वी शाळेच्या मागच्या भिंतीला चिकटवायच्या द्रव्याच्या पिळलेल्या नळ्या आणि वास घेतलेल्या पिशव्या सापडल्या. कोणाच्या, ते कळलं नाही. पालकांमध्ये लगेच चार-पाच नावं फिरली, दोन भांडणं झाली, आणि मुख्याध्यापकांनी ठरवलं की पोरांना दम देण्याआधी आईबापांना काहीतरी शिकवावं. चारुशीलाबाई सभेत म्हणाल्या, "आमच्या घरात एक डॉक्टर आहेत. बोलत नाहीत, पण आहेत."

डॉक्टरांनी आठवडाभर टिपणं काढली. लेटरपॅडवर, औषधं लिहितात त्याच अक्षरात.

शनिवारी सकाळी अकराच्या सुमारास, दमा असलेल्या एका म्हाताऱ्याला तपासून झाल्यावर, डॉक्टरांनी टेबलाचा खालचा खण उघडला. त्यात झोपेच्या गोळ्यांच्या पट्ट्या असत. खणाला कुलूप होतं, पण किल्ली कुलपालाच लोंबत असायची. दवाखाना घराच्या पुढच्या दोन खोल्यांत. आपल्याच घरात कुलूप कोणापासून लावायचं?

वरची पट्टी हातात घेतली आणि डॉक्टर तसेच उभे राहिले.

या दवाखान्यात गोळ्यांची पट्टी कापायची एक रीत होती. कात्रीनं दोन-दोन गोळ्या कापायच्या, पण नेहमी खालच्या बाजूनं. वर जिथं मुदत संपायची तारीख छापलेली असते, तो कोपरा शेवटपर्यंत ठेवायचा. तो गेला की उरलेल्या गोळ्या कधीच्या, हे देवालाच ठाऊक. सिदू नवा होता तेव्हा त्यानं एकदा वरून कापली होती, तर डॉक्टर पुरी तीन वाक्यं बोलले होते. सिदू अजून ती तीन वाक्यं लोकांना सांगतो.

हातातल्या पट्टीचा तारखेचा कोपरा गेला होता. चार गोळ्या गेल्या होत्या. कापलेली कड वाकडीतिकडी होती, घाईत कापावी तशी.

"सिदू."

सिदू आला. पट्टी बघितली. त्याच्या चेहऱ्यावर आधी राग आला, मग त्याच्या लक्षात आलं की साहेब आपल्याकडं बघतायत, आणि रागाच्या जागी दुसरंच काहीतरी आलं.

"साहेब, म्या तारखेचा कोपरा कापीन व्हय?"

डॉक्टर काही बोलले नाहीत. हा त्यांचा नेहमीचा गुण, पण सिदूला तो आज झोंबला.

"सव्वीस वर्षं झाली," सिदू म्हणाला. "घरी पोरांची नखं कापताना बी म्या खालनं सुरू करतो. बायको हसती मला. आन् तुमी माझ्याकडं बघताव?"

"तुझ्याकडं नाही रे."

"मग कुनाकडं?"

डॉक्टरांनी पट्टी उलटी केली, सुलटी केली. सिदूनं आवाज उतरवला. "साहेब, गेल्या येळला, दसऱ्यात, दोन पट्ट्या कमी भरल्या व्हत्या. म्या म्हणलं, मीच मागवायला इसरलो आसंल. तुमाला बोललो न्हाय. पण कुलूप फोडलेलं न्हाय, बाहिरचं कुनी आत आलं न्हाय. दसऱ्याला वैदूताई घरी व्हती. आन् आता येळवशीला बी हाय."

हे बोलून झाल्यावर सिदूनं एकदम जीभ चावली आणि तो बाहेरच्या खोलीत जाऊन नंबराचे बिल्ले पुसायला लागला. ते बिल्ले त्यानं सकाळीच पुसले होते.

वैदेही डॉक्टरांची एकुलती एक मुलगी. सतरावं चालू. दहावीला तालुक्यात दुसरी आली आणि त्या दुसरेपणाचा घरात कोणी उच्चारही केला नाही, इतकं ते सगळ्यांना लागलं. मग लातूरला वसतिगृह, डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेचा क्लास, दर रविवारी चाचणी आणि चाचणीनंतर भिंतीवर लागणारी यादी. येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, ती पाच दिवसांसाठी आली होती. मायलेकी दोन दिवस सास्तूरला मामाच्या शेतावर जाऊन, आंबिल पिऊन, तुरीच्या शेंगांचं पोतं घेऊन परवा परतल्या. उद्या सकाळी तिची लातूरची गाडी.

खुर्चीवर बसल्यावर डॉक्टरांना एक रात्र आठवली. दहावीच्या गणिताच्या पेपरच्या आदली. वैदेही दारात येऊन म्हणाली होती, "बाबा, झोपच येत नाही. छातीत कसंतरी होतंय." बाहेर उलट्याजुलाबाचे तीन पेशंट बसलेले. डॉक्टरांनी याच खणातून गोळी काढली, अर्धी केली आणि तळहातावर ठेवली. "घे. झोप लागेल." छातीत कसंतरी का होतंय, हे विचारायला दोन मिनिटं लागली असती. अर्धी गोळी द्यायला दहा सेकंद लागले. पोरगी झोपली, पेपर चांगला गेला, आणि बापाला स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटलं.

आता एकच प्रश्न होता. उद्या सकाळी ती गाडीत बसायच्या आत तिच्याशी बोलणं झालं तर झालं. नाहीतर तिच्या पिशवीत चार गोळ्या, पुढच्या चाचणीला आठ, आणि ह्यांना कळणार ते वसतिगृहातून फोन आल्यावर. आणि बोलणं म्हटलं, तर जीभ, श्वास, हं, झालं, एवढीच यांच्याजवळची पुंजी.

सभागृह भरलं होतं. पालकसभेला एरवी सतरा माणसं येतात, त्यातली चार चुकून. आज भिंतीला टेकून माणसं उभी होती. नशेबद्दल ऐकायची हौस दांडगी असते, कारण ती नेहमी शेजाऱ्याच्या घरातली असते. पहिल्याच रांगेत ट्रॅक्टरवाले हिंमतराव मांडी ठोकून बसले होते. ते शेजाऱ्याला मोठ्यानं सांगत होते, "पावडर बाहिरनं येती. नाव सांगा म्हणावं डॉक्टरला, बाकी आमी बघतो."

चारुशीलाबाई दाराशी उभ्या होत्या. त्यांना पट्टीचं काहीच माहीत नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावर, आपला नवरा आज बोलणार, याचीच धाकधूक होती.

डॉक्टरांनी खिशातून लेटरपॅडचे कागद काढले, चष्मा लावला, घसा खाकरला. आणि थांबले. कागद जवळ धरला. लांब धरला. उजेडाकडं केला. स्वतःचं अक्षर स्वतःलाच लागेना.

सभागृहात पहिली खसखस पिकली.

"सिदू," डॉक्टर म्हणाले.

परंड्यात हे अक्षर वाचणारा एकच माणूस. मागच्या रांगेतून सिदू उठला. सकाळचा फुगवटा अजून चेहऱ्यावर होता, पण साहेबांनी हाक मारल्यावर न येणं त्याला जमत नव्हतं. त्यानं कागद घेतला आणि औषधाची चिठ्ठी वाचावी तशा खड्या आवाजात सुरू केलं.

"सहा वर्सांपर्यंत. या वयात नशेचं काही सांगायचं न्हाय, औषधाचं सांगायचं. औषध फक्त घरच्या मोठ्या माणसाच्या हातनं. सापडलेली गोळी तोंडात घालायची न्हाय, आणून दाखवायची. औषधाला..." सिदू थांबला. डोळे चोळले. "औषधाला खाऊ म्हणू नये."

त्यानं मान वर केली. "साहेब, पर हे तर आपुनच म्हणतो की."

सभागृहात हशा फुटला. हवालदार, जो दोन पोरांचा बाप म्हणून आला होता, मागून ओरडला, "गुलाबी खाऊ!" मिशीवाले मास्तर टाळ्या पिटू लागले. डॉक्टर लाल झाले. त्यांनी हसणं ओसरू दिलं. मग त्यांनी सिदूच्या हातातला कागद घेतला, घडी करून खिशात ठेवला आणि कागदाशिवाय बोलायला लागले.

"खरं आहे. मी अठ्ठावीस वर्षं म्हणतोय. पोरगं रडायचं थांबतं, माझा वेळ वाचतो. पण मग त्याला वाटतं, बाटलीत असतो तो खाऊ. आजीच्या उशाशी शुगरच्या, बीपीच्या गोळ्या असतात. रंगीत. गोडही असतात काही. पोरानं त्या खाल्ल्या तर चूक कोणाची?" ते जरा थांबले. "माझी. तुम्ही घरी गेल्यावर आजपासून म्हणा, हे औषध आहे, आजारी असल्यावरच घ्यायचं. मीही म्हणतो. सिदू, तूही."

"व्हय साहेब."

हसू विरलं होतं. माणसं पुढं सरकून बसली.

डॉक्टर अडखळत, घाम पुसत बोलत राहिले. सात ते दहाच्या पोरांना 'का' लागतो, नुसतं 'नको' पुरत नाही. शरीर कसं चालतं, तंबाखूनं त्याचं काय होतं, हे सोपं करून सांगा. घाबरवून नको, खरं तेवढंच. आणि एक गोष्ट आधी बंद करा. "पुडी आणायला पोराला दुकानात पाठवता की नाही? हात वर करू नका, मला माहीत आहे. उरलेल्या सुट्ट्याचं चॉकलेट घे म्हणता. तंबाखूसोबत चॉकलेट. मग पोरानं काय शिकायचं?"

कोणी खाकरलं. कोणी खिसा चाचपला, आणि तो चाचपताना शेजाऱ्यानं पाहिलं म्हणून हात काढून घेतला.

अकरा ते चौदाच्या पोरांनी सगळं ऐकलेलं असतं, अर्धवट. त्यांना आधी विचारा, तू काय ऐकलंस? सांगू द्या. मधे तोडू नका. चुकीचं असेल तेवढंच दुरुस्त करा. मित्रानं पुढं केली तर काय म्हणशील, ते त्याच्याच शब्दांत त्याच्याकडून वदवून घ्या, दोन-तीनदा. तुम्ही मित्र व्हा, त्यानं नाही म्हणायचं. घरात सराव झालेला असला तर बाहेर तोंड उघडतं.

हिंमतराव उठले. "डॉक्टर, म्या म्हणतो, हे इचारायचंच कशाला? ज्याला म्हाईत न्हाय, त्याला बी म्हाईत व्हईल. झोपलेलं जागं करायचं!"

"हिंमतराव, झोपलेलं कोणी नाही. विचारल्यानं पोरं बिघडत नाहीत. न विचारल्यानं त्यांना मित्राकडून कळतं, आणि मित्र आपल्यापेक्षा छान सांगतो."

"मग ती पावडर..."

"पावडर येते तेव्हा येते. तुमच्या घरात सगळ्यात जवळचं दुकान कुठलं सांगू? कपाट. पाठदुखीच्या उरलेल्या गोळ्या, खोकल्याचं औषध, झोपेच्या..." इथं डॉक्टरांचा आवाज जरा घसरला. "झोपेच्या गोळ्या. ते कुलपात ठेवा. आणि किल्ली कुलपाला लोंबती ठेवू नका."

मागच्या रांगेत सिदूनं खाली बघितलं.

तेवढ्यात खिडकीजवळ एक म्हातारी उठली. धुरपदाबाई. मुलगा-सून ऊसतोडीला जायचे, दोन नातवंडं तिच्याकडं. धाकटी दुसरीत, थोरला दहावीत. तिचा तीन बाळंतपणांनंतरचा अशक्तपणा ते कालचा गुडघा, सगळं डॉक्टरांनी चार शब्दांत बरं केलं होतं.

"डॉक्टर, माझं एक इचारू?"

"विचारा की मावशी."

"तुमी म्हणलाव सहा वर्साला हे, धा वर्साला ते, चौदाला ते. लई चांगलं हाय. पर माझा थोरला सोळाचा. म्या त्याला सहाला काय बोलली न्हाय, धाला न्हाय, चौदाला न्हाय. मला कुनी सांगितलंच न्हाय. आता काय? गाडी गेली म्हणायची का?"

टिपणात याचं उत्तर नव्हतं. टिपणात पंधरानंतरचं पान होतं: उपदेश करू नका, प्रश्न विचारा, आपण रागात असताना किंवा पोरगं नशेत असताना बोलू नका, समोरासमोर बसवून नको, काम करता करता बोला, आणि 'कधीही अडकलास तर फोन कर, मी न्यायला येईन, विचारपूस दुसऱ्या दिवशी' असं सांगून ठेवा. सगळं बरोबर होतं. पण म्हातारीनं विचारलं होतं ते वेगळं. जिनं सगळ्या पायऱ्या चुकवल्यात, तिनं कुठून चढायचं?

डॉक्टरांच्या घशाशी ती अर्धी गोळी आली. सांगून टाकावं, असं फार वाटलं. 'मावशी, मीही काही बोललो नाही. माझ्या पोरीनं...' ओठ हललेसुद्धा. मग त्यांना समोरच्या दीडशे माणसांची तोंडं दिसली. त्यातलं प्रत्येक तोंड संध्याकाळी कुठल्या तरी चुलीपुढं उघडणार होतं. उद्या वैदेही स्टँडवर उभी राहील आणि माणसं तिच्या पिशवीकडं बघतील. चूक माझी, आणि कबुली तिच्या नावावर? आणि तिच्याशी एक शब्द बोलायच्या आधी गावाशी बोलायचं?

ते पाणी प्यायले.

"गाडी गेली नाही, मावशी," ते म्हणाले. "आहे तिथूनच बसायचं. पण पहिल्यांदा नातवाची चूक काढायची नाही. आधी आपली सांगायची. म्हणायचं, बाळा, हे मी तुला आधी सांगायला हवं होतं, राहून गेलं. मला येत नव्हतं. एवढंच. आणि मग गप्प बसायचं. तो बोलेपर्यंत."

"आन् न्हाय बोलला तर?"

"तर दुसऱ्या दिवशी पुन्हा बसायचं."

धुरपदाबाईंनी मान हलवली. "आपली चूक सांगायची म्हणजे," ती शेजारणीला म्हणाली, "सोपं न्हाय बाई. त्यापरीस सुई बरी." माणसं हसली. डॉक्टर हसले नाहीत.

घराकडं निघताना सिदू मागून आला आणि न बोलता चालत राहिला. कोपऱ्यावर डॉक्टर थांबले.

"सिदू, सकाळी मी तुझ्याकडं बघायला नको होतं."

सिदूच्या चेहऱ्यावरचा फुगवटा एका क्षणात उतरला. "जाऊ द्या साहेब. तुमी ताईकडं बघा. चिठ्ठी वाचायला लागली तर हाक मारा."

वैदेही मागच्या अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. बाजूला अर्धी भरलेली पिशवी. ऊन कलंडलं होतं. चारुशीलाबाई शाळेत खुर्च्या लावायला थांबल्या होत्या.

"झालं का भाषण?" वैदेही म्हणाली. "शुद्ध हरपली का कोणाची?"

"सिदूनं वाचलं निम्मं."

ती हसली. डॉक्टरांनी चप्पल काढली आणि तिच्या शेजारी, समोर नाही, चटईवर बसले. मूठभर शेंगा घेतल्या. आयुष्यात पहिल्यांदाच ते शेंगा सोलत होते. दाणे कमी आणि फोलपटं जास्त निघत होती. बोलायला तोंड उघडलं आणि सवयीनं बाहेर पडलं, "जीभ दाखव."

"काय?"

"नाही. काही नाही." त्यांनी एक शेंग सोलली. "वैदू, दहावीच्या गणिताच्या आदल्या दिवशी मी तुला अर्धी गोळी दिली होती."

सोलणारी बोटं थांबली.

"ती माझी चूक होती. तू म्हणालीस छातीत कसंतरी होतंय, आणि मी विचारलंच नाही काय होतंय ते. विचारायला हवं होतं. मला येत नव्हतं."

एवढं बोलून ते गप्प बसले. मावशीला सांगणं सोपं होतं. आता कळलं की हे गप्प बसणं म्हणजे चार शब्दांचं गप्प बसणं नव्हे. ते आरामात बसता येतं. हे बसवत नव्हतं. घशात बापाचं एक भाषण तयार होतं, आईचं काय होईल, लोक काय म्हणतील, डॉक्टरची पोरगी असून. त्यांनी तीन कच्चे दाणे एकदम तोंडात टाकले, म्हणजे तोंड दुसऱ्या कामाला लागेल.

वैदेहीच्या हातातला एक दाणा पडून घरंगळला. मग त्यांना दिसलं, तिची बोटं बारीक थरथरत होती.

"तुम्हाला कळलं," ती म्हणाली.

"हं."

"सिदूकाकांनी सांगितलं?"

"तारखेचा कोपरा."

तिनं डोळे मिटले. "अरे देवा. तो ठेवायचा असतो." आणि हसता हसताच ती रडायला लागली.

मग ती बोलली. तुटक, शेंगांकडं बघत. आधी फक्त रविवारच्या चाचणीच्या आदल्या रात्री अर्धी. मग यादीत नाव खाली गेलं, तेव्हा रोज अर्धी. मग एक. दिवाळीपासून दोन. दसऱ्याला नेलेल्या संपल्या, तेव्हा खोलीतल्या एका मुलीनं कुठून तरी आणून दिल्या. सास्तूरला जाताना तिनं ठरवलं, आता बंद. दोन रात्री डोळ्याला डोळा लागला नाही, छाती धडधडायची, हात असे कापायला लागले. मामी म्हणाली, थंडी बाधली. परवा घरी आल्यावर तिनं खण उघडला. घाईत कात्री कुठून लावली, तेही बघितलं नाही. "दोन परवा घेतल्या, दोन काल. मी सोडायचा प्रयत्न केला, बाबा. खरंच. मला वाटलं, मला येडच लागणार."

बापाचं भाषण कुठल्या कुठं गेलं. आत डॉक्टर जागा झाला आणि तो भ्याला.

"वैदू, ऐक. या गोळ्या रोज घेतल्यावर एकदम बंद करायच्या नसतात. झटके येऊ शकतात. तू कमकुवत म्हणून नाही थरथरलीस, औषध अचानक तोडलं म्हणून थरथरलीस. सोडता येतात. हळूहळू, थोड्या थोड्या कमी करत, डॉक्टरच्या देखरेखीखाली."

"तुमच्या?"

"माझ्या नाही. मी तुझा बाप आहे, माझं गणित चुकतं." त्यांनी खिशातून फोन काढला. "सोलापूरला माझ्या वर्गातला माणिकप्पा आहे. मनाच्या आजारांचा डॉक्टर. फार बोलतो. मला कॉलेजात त्याचा कंटाळा यायचा."

माणिकप्पा डॉक्टर फोनवर वीस मिनिटं बोलले. त्यातली दहा वैदेहीशी. किती, किती दिवस, सोबत दुसरं काही, कधी जीव नकोसा वाटतो का, असं सगळं त्यांनी नीट विचारलं. शेवटच्या प्रश्नावर वैदेही म्हणाली, "नाही. फक्त झोपावंसं वाटतं. खूप." मग फोन परत बापाकडं आला आणि माणिकप्पांनी बजावलं. एकटीला ठेवू नको, काल घेतली तेवढीच आज रात्री दे, स्वतःच्या हातानं मोजून, बाकी सगळं कुलपात. झटका आला किंवा बरळायला लागली तर वाट बघू नकोस, थेट दवाखान्यात. नाहीतर उद्या रविवार असला तरी सकाळी घेऊन ये.

म्हणजे ज्या हातानं अर्धी दिली, त्याच हातानं आज रात्री दोन द्यायच्या. डॉक्टरांनी आपल्या तळहाताकडं बघितलं.

"उद्याची गाडी?" वैदेहीनं विचारलं.

"गाडी राहू दे. सोलापूरला जाऊ."

"आणि क्लास? यादी? मी मागं पडेन, बाबा."

'काही होत नाही' हे वाक्य डॉक्टरांच्या जिभेवर आलं होतं. ते म्हणजे आणखी एक गुलाबी खाऊ, हे त्यांना वेळेत कळलं. "पडशील कदाचित," ते म्हणाले. "मला माहीत नाही. तुला डॉक्टर व्हायचंय का, हेही मी कधी विचारलं नाही."

"मलाही माहीत नाही," ती म्हणाली. मग पिशवीच्या तळाशी हात घालून तिनं जुन्या पट्टीचा कापलेला एक तुकडा काढला. त्यात वसतिगृहातल्या मुलीनं दिलेल्या, लातूरला परतल्यावरच्या रात्रींसाठी राखून ठेवलेल्या तीन गोळ्या होत्या. तिनं तो बापाच्या हातावर ठेवला. याच्यावर तर तारखेचा पत्ताच नव्हता. डॉक्टरांनी तो आत नेऊन खणात टाकला, कुलूप लावलं आणि किल्ली आणून चटईवर ठेवली.

"आईला सांगू नका ना."

"सांगावं लागेल, वैदू. उद्या तिघं जाऊ. पण मी नाही सांगणार. तू सांगायचं, मी शेजारी बसतो."

पुढचं फाटक वाजलं. चारुशीलाबाई आत येता येताच बोलत होत्या, "अहो, धुरपदाबाई माझा हात धरून रडली हो! आणि तुम्ही कुठं शिकलात इतकं बोलायला? आपली चूक आधी सांगायची म्हणे! तीस वर्षांत माझ्यापुढं एकदा तरी..." मागच्या दाराशी त्या थबकल्या. नवरा शेंगा सोलत होता, हे पहिलं आश्चर्य. मुलीचे डोळे सुजले होते. चटईवर किल्ली पडली होती, खणाची.

"काय झालं?" त्यांनी डॉक्टरांना विचारलं.

डॉक्टर गप्प बसले. हे गप्प बसणं त्यांना आत्ता थोडं थोडं यायला लागलं होतं. त्यांनी सरकून चटईवर जागा केली.

वैदेहीनं नाक पुसलं, आईच्या पुढ्यात शेंगांनी भरलेलं सूप ओढलं आणि म्हणाली, "आई, बस जरा. मला एक सांगायचंय."